वडिलांच्या हाती घड्याळ देताना



आपल्या गावांतून नोकरदार माणूस निवृत्त होऊन घरी आला म्हणजे अंगणात मांडव पडतो, चार पाहुणे जमतात आणि जेवणाआधी कोणीतरी 'चार शब्द' बोलतो. पुष्कळदा ते काम थोरल्या मुलावर अथवा मुलीवर येते. मग ती मुले कागद घेऊन धर्मगुरूकडे येतात आणि म्हणतात, "फादर, एक छानसे भाषण लिहून द्या." आजवर अशी कितीतरी मुले मजकडे आली. त्यांपैकी एकाची हकिकत आज सांगतो. कारण तिच्यातून अशा भाषणाचे मर्म मला जितके कळले तितके कोणत्याही पुस्तकातून कळले नसते.

ही गोष्ट २०१५ सालची आहे. मी तेव्हा खानापूर तालुक्यातील एका लहानशा गावात होतो. खानापूरहून लोंढ्याकडे जाणारी रेल्वे त्या गावाजवळून जाते. गावातील एक गृहस्थ ३८ वर्षे याच लायनीवर काम करून ३१ मे रोजी निवृत्त होणार होते. आरंभी ते गँगमन होते व पुढे कीमन झाले. कीमन म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या लायनीची रोज पायी तपासणी करणारा माणूस. पूर्वी रूळ जागच्या जागी राहावेत म्हणून ते लोखंडी चाव्या ठोकून आवळलेले असत. गाड्यांच्या धक्क्याने त्या चाव्या सैल होत. खांद्यावर हातोडा आणि पाना, बरोबर लाल-हिरवी निशाणे घेऊन कीमन सकाळी निघे, जाताना एका रुळाची व परतताना दुसऱ्या रुळाची पाहणी करी आणि सैल चावी पुन्हा ठोकून बसवी. पुढे लायन रुंद झाली, चाव्या जाऊन लवचीक क्लिपा आल्या. परंतु माणसाचे नाव मात्र कीमन हेच राहिले.

या गृहस्थांचा थोरला मुलगा गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. मे महिन्याच्या मध्यास तो मजकडे आला. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ७ जून रोजी, घरी समारंभ करून वडिलांना एक मनगटी घड्याळ द्यावे असे त्याने व त्याच्या बहिणीने ठरविले होते. भाषणाचा कच्चा मसुदा त्याने बरोबर आणला होता.

तो मसुदा मी वाचला. तीन पाने भरून होता. वडील सूर्यासारखे तेजस्वी होते, वटवृक्षासारखे छाया देणारे होते, दीपस्तंभासारखे मार्ग दाखविणारे होते. शब्द चांगले होते, परंतु वडिलांच्या जागी गावच्या मास्तरांचे अथवा माझे नाव घातले असते तरी एक ओळही बदलावी लागली नसती. मी त्याला तसे सांगितले व विचारले, "तू आणि तुझे वडील, दोघेच एकत्र असे केव्हा होता? कोणत्या ठिकाणी, किती वाजता, आणि त्या वेळी तुमच्या हातात काय होते?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, खरे सांगू? ते घरी नसायचेच. दिवसा लायन, पावसाळ्यात रात्रीची गस्त. माझ्या लहानपणी आम्ही दोघे बरोबर किती वेळ होतो, ते सगळे मोजले तर महिना भरायचा नाही."

वाचकहो, भाषणाची खरी अडचण येथे होती, आणि ती पुष्कळ घरांत असते. एकत्र घालविलेल्या काळाची आठवण सांगावी, तर तो काळच थोडा. मग मुले त्या रिकाम्या जागेत सूर्य आणि वटवृक्ष आणून बसवितात. मी त्याला म्हटले, "महिना भरत नसेल तर नसू दे. एक दिवस तर असेल. तो सांग."

तेव्हा त्याला डबा आठवला. सुट्टीत आई त्याच्या हाती वडिलांचा डबा देई आणि तो लायनीवरच्या फाटकाजवळ जाऊन थांबे. वडील तेथे येऊन जेवत आणि पुढे फाटकापासून गावच्या वळणापर्यंत मुलगा त्यांच्या मागून चाले. वडील चावीवर हातोडा मारून विचारीत, "आवाज कसा आला?" घट्ट चावी खणकन वाजते, सैल चावी बद्द वाजते. मुलाला ते अजून ऐकू येत होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. मी म्हटले, "हेच तुझे भाषण आहे. बाकीचे फाडून टाक."

परंतु तो उठला नाही. त्याच्या मनात आणखी काही होते, आणि ते काढायला मला पुन्हा विचारावे लागले. १९९२ साली तो दहा वर्षांचा होता. १५ ऑगस्टला, आपल्या मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीच, शाळेत त्याला बक्षीस मिळणार होते. येतो म्हणून वडिलांनी कबूल केले होते. ते आले नाहीत. दुपारी चिखलाने माखून घरी आले, "रात्री लायनीवर माती आली होती" एवढेच बोलले आणि झोपले. मुलाने त्या दिवशी ते बक्षीस पेटीच्या तळाशी टाकले आणि वडिलांना कधी दाखविले नाही. तेवीस वर्षे झाली, दोघांपैकी कोणीही तो विषय काढला नव्हता.

"हे बोलू का नको?" त्याने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले नाही. समारंभात वडिलांना मध्यभागी बसविलेले असते. त्यांना उठून जाता येत नाही आणि उत्तरही देता येत नाही. अशा माणसासमोर जुनी तक्रार मांडणे म्हणजे त्याला बांधून ठेवून बोलण्यासारखे होय. आणि तक्रार मनात दाबून नुसती स्तुती केली तर ती स्तुती बोलणाऱ्यालाच खोटी वाटते व आवाजात ते उमटते. म्हणून मी त्याला म्हटले, "आधी त्या रात्री काय झाले ते विचारून ये. वडिलांना नको, ते सांगणार नाहीत. त्यांच्या बरोबरच्या माणसाला विचार."

त्याने त्यांच्या गँगच्या म्हाताऱ्या मुकादमांना गाठले. मुकादमांनी जे सांगितले ते असे. त्या रात्री मुसळधार पाऊस होता आणि वडील एकटेच गस्तीवर होते. डोंगर कापून लायन नेलेली आहे त्या ठिकाणी, ज्याला ही मंडळी कटिंग म्हणतात, दरड खचून माती आणि दगड रुळावर आले होते. लायन एकेरी, गाडी दोन्हींपैकी कोणत्याही बाजूने येऊ शकते. अशा वेळी माणसाने आधी घड्याळ पाहावयाचे असते. कोणत्या बाजूची गाडी अगोदर येणार ते ठरवून, एक लाल दिवा मातीच्या ढिगाजवळ दुसऱ्या बाजूला दिसेल असा ठेवावा लागतो आणि दुसरा लाल दिवा दाखवीत येणाऱ्या गाडीच्या दिशेने पळावे लागते. तेव्हाच्या अरुंद लायनीवर ४०० मीटरवर एक आणि ८०० मीटरवर दहा दहा मीटरांच्या अंतराने तीन असे फटाके रुळावर बसवावयाचे. इंजिनाचे चाक त्यांवरून गेले की ते फुटतात आणि ड्रायव्हर गाडी थांबवितो. मग परत येऊन दुसऱ्या बाजूसही तसेच करावयाचे. वडिलांनी ते सर्व केले. मालगाडी फटाक्यांवर वाजून उभी राहिली. पहाटे गँग आली आणि दुपारपर्यंत माती उपसण्याचे काम चालले. वडीलही त्यातच होते. त्यांचे मनगटी घड्याळ त्या रात्री पाणी शिरून बंद पडले. त्यांनी पुन्हा घड्याळ घेतले नाही. पुढे वेळ पाहावयास स्टेशनचे घड्याळ, गाड्यांच्या शिट्ट्या आणि शेवटी शेवटी खिशातला मोबाइल पुरला.

मुलगा हे सांगावयास मजकडे आला तेव्हा त्याचा आवाज निराळा होता. आता ती गोष्ट बोलता येण्याजोगी झाली होती, कारण आता ती तक्रार राहिली नव्हती. तरीही मी त्याला एक मर्यादा घातली. फटाके, दिवा आणि धावपळ यांचे वर्णन भाषणात नको. वडिलांनी जे स्वतः तेवीस वर्षे सांगितले नाही ते मुलाने चारचौघांत रंगवून सांगितले तर त्यांना संकोच होईल. मुलाला कळले आहे, एवढेच त्यांना कळावे.

आता घड्याळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण वस्तू चुकली तर भाषणही फसते. मुलाच्या मनात सोनेरी रंगाचे, बॅटरीवर चालणारे घड्याळ होते. त्याचे आकडे बारीक होते व काटे तबकडीच्याच रंगाचे होते. साठ वर्षांच्या डोळ्यांना ते संध्याकाळी दिसले नसते. मी त्याला पांढऱ्या तबकडीचे, मोठ्या काळ्या आकड्यांचे, चावीचे घड्याळ घ्यावयास सांगितले. बंगळूरच्या एच. एम. टी. कारखान्यात १९६१ पासून, आरंभी जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने, तशी घड्याळे होत. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटांवर लग्नापासून असत ती हीच. त्या कंपनीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. त्यापूर्वी एक वर्ष बेळगावातील एका दुकानात मुलाला त्या घडणीचे एक न वापरलेले घड्याळ मिळाले. आता कोणी जुने घेणार असेल तर जाणत्या कारागिराकडून झाकण उघडून पाहून घ्यावे, कारण जुन्या यंत्रावर नवी रंगविलेली तबकडी बसवून विकण्याची चाल आहे.

पोलादी पट्ट्याच्या कड्या मनगटाच्या मापाने कमी कराव्या लागतात, आणि माप तर गुपचूप घ्यावयाचे. ते काम आईने केले. वडील दुपारी निजले असता तिने मनगटाभोवती शिवणाचा दोरा गुंडाळून गाठ मारली व तो दोरा मुलाच्या हाती दिला. मागच्या झाकणावर अक्षरे कोरून घ्यावयाची होती. ते झाकण तीन बोटेही रुंद नसते. त्यावर तीन लहान ओळींपेक्षा अधिक मावत नाही आणि कोरलेली चूक पुसता येत नाही. म्हणून मजकूर स्वच्छ कागदावर लिहून दिला: 'बाबांस', त्याखाली '१९७७-२०१५', आणि त्याखाली मुलाचे व मुलीचे पहिले अक्षर. दुकानात असे घड्याळ थांबलेलेच असते. समारंभाच्या सकाळी चावी देऊन व वेळ लावूनच ते डबीत ठेवावे, नाहीतर डबी उघडताच थांबलेले काटे समोर येतात आणि सगळ्यांचे मन चरकते.

भाषण त्याने स्वतः लिहिले. मी फक्त काही वाक्ये कमी केली. शेवटी त्याने वडिलांना एक वचन दिले होते. मसुद्यात 'यापुढे माझा सगळा वेळ तुमचा' असे होते. मी विचारले, "कारखाना सोडणार आहेस काय?" तो हसला. मग 'दर रविवारी' झाले. पाळीच्या नोकरीत तेही जमणार नव्हते. शेवटी जे पाळता येईल तेवढेच लिहिले. ते भाषण त्याच्या व त्याच्या वडिलांच्या अनुमतीने, नावे वगळून, येथे देतो.

"फादर, मुकादमकाका, बाबांबरोबर लायनीवर काम केलेली सर्व मंडळी आणि गावकरी बंधुभगिनींनो, मी आता बाबांशी बोलणार आहे. आपण ते ऐकावे, एवढीच विनंती.

"बाबा, सुट्टीत आई माझ्याकडे तुमचा डबा द्यायची आणि मी फाटकाजवळ येऊन उभा राहायचो. तुम्ही लांबून यायचात ते खाली पाहत. माझ्याकडे पाहण्याआधी तुम्ही रुळाकडे पाहता, याचा मला राग यायचा. मग तुम्ही जेवायला बसायचात आणि अर्धी भाकरी माझ्यासाठी ठेवायचात. मी घरी जेवून आलो आहे हे तुम्हांला ठाऊक असायचे, तरी ठेवायचात.

"जेवण झाले की वळणापर्यंत मी तुमच्या मागून चालायचो. तुम्ही चावीवर हातोडा मारायचात आणि विचारायचात, 'आवाज कसा आला?' मी म्हणायचो, 'चांगला.' तुम्ही म्हणायचात, 'नीट ऐक.' आणि पुन्हा मारायचात. सैल चावीचा आवाज बद्द येतो हे मी तुमच्याकडून शिकलो. आज कारखान्यात यंत्राचा आवाज बदलला की माझी मान आधी वळते. मुकादम विचारतात, कुठे शिकलास? मी सांगतो, फाटकापासून वळणापर्यंत.

"तो रस्ता मी परवा चालून पाहिला. वीस मिनिटे लागतात. लहानपणी मला तो फार लांब वाटायचा. तुम्ही माझ्यासाठी हळू चालत असाल, हे आता कळते.

"एका पंधरा ऑगस्टला तुम्ही शाळेत आला नाहीत. मी रागावलो होतो. रात्री लायनीवर माती आली होती, असे तुम्ही सांगितले होते. त्या मातीविषयी मला या महिन्यात मुकादमकाकांकडून सगळे कळले. मला उशीर झाला, बाबा. त्या दिवशीचे बक्षीस मी आज बरोबर आणले आहे. ही कंपासपेटी. ती तुम्हांला दाखवायची राहिली होती.

"तुमचे घड्याळ त्या रात्री बंद पडले आणि तुम्ही दुसरे घेतले नाहीत. म्हणून ताईने आणि मी हे आणले आहे. हे चावीचे घड्याळ आहे. अडतीस वर्षे तुम्ही रेल्वेच्या चाव्या ठोकल्यात. आता रोज सकाळी या एकाच घड्याळाला चावी द्यायची. इतके दिवस गाडी केव्हा येणार हे पाहण्यासाठी तुम्ही वेळ पाहत होता. आता मी केव्हा येणार ते पाहा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, मी फाटकाजवळ येईन. या वेळी तुमच्यासाठी मी हळू चालेन.

"बाबा, हात पुढे करा."

एवढेच भाषण. मी त्याच्याकडून ते तीनदा मोठ्याने वाचून घेतले होते आणि घड्याळ लावून पाहिले होते. सावकाश बोलल्यास तीन-साडेतीन मिनिटे लागत. मांडवात जेवणाआधी लोक याहून अधिक ऐकत नाहीत, आणि लहान मुले तर नाहीतच.

वाचकांपैकी कोणाला असा प्रसंग पुढे येणार असेल, तर या भाषणाच्या मांडणीकडे लक्ष द्यावे. आरंभी सर्वांना एकदाच संबोधून तो वडिलांकडे वळला आणि पुन्हा लोकांकडे वळला नाही. घड्याळाचे नाव त्याने अगदी शेवटी काढले. आरंभीच डबी हाती दिली असती तर वडील डबी उघडीत बसले असते, शेजारी मान लांब करून पाहू लागले असते आणि बोलणे वाऱ्यावर गेले असते. पंधरा ऑगस्टची गोष्ट त्याने भाषणाच्या मध्यावर घेतली. ती शेवटी आली असती तर समारंभ त्या दुःखावर संपला असता; मध्ये आल्याने पुढचे घड्याळ त्याच गोष्टीतून उगवले. आणि 'तुम्ही मला क्षमा करा' किंवा 'मी तुम्हांला क्षमा केली' असे काहीही तो बोलला नाही. कंपासपेटी दाखविली, त्यात सर्व आले.

प्रत्यक्ष दिवशी सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले असे मात्र नाही. 'अर्धी भाकरी' म्हणताच त्याचा गळा दाटला. असे होईल हे मी त्याला अगोदर सांगून ठेवले होते, आणि अशा वेळी आवाज चढवून पुढे रेटू नये, थांबून पाणी प्यावे, कागदावरील पुढच्या वाक्यावर बोट ठेवावे, असेही सांगितले होते. त्यासाठीच बहीण तांब्या-पेला घेऊन जवळ उभी होती. तो थांबला, मांडवात कोणी हालले नाही. मग त्याने पुढचे वाक्य वाचले. ध्वनिक्षेपक मी बंदच ठेवावयास सांगितले होते. साठ-सत्तर माणसांच्या अंगणात त्याची गरज नसते, आणि त्यातून मुलाचा आवाज वडिलांना समोरच्या माणसाचा न वाटता खांबावरच्या कर्ण्याचा वाटतो.

वडिलांनी हात पुढे केला. पट्टा मुलाने स्वतः बांधला. माप बरोबर होते. वडिलांनी आधी घड्याळ कानाशी नेले आणि थोडा वेळ ऐकत राहिले. सर्वांना वाटले, आता ते काही बोलतील. ते मुलाला एवढेच म्हणाले, "आवाज चांगला आहे." नंतर त्यांनी कंपासपेटी हातात घेतली, झाकण उघडून आतील प्रत्येक वस्तू पाहिली, आणि ती जेवणाच्या वेळीही मांडीवरून खाली ठेवली नाही.

मी त्यांना चावी देण्याची रीत सांगावयास गेलो. घड्याळ मनगटावरून काढून चावी द्यावी, नाहीतर बोटांच्या तिरक्या जोराने तिची दांडी वाकते. अडेल तेथे थांबावे, पुढे जोर करू नये. रोज एका ठरावीक वेळी दिली म्हणजे चाल एकसारखी राहते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फादर, चावी किती आवळायची ते मला ठाऊक आहे."

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार ५ जुलैला आला. त्या संध्याकाळी एका आजाऱ्याला भेटून मी फाटकाच्या बाजूने परतत होतो. पाऊस नुकताच उघडला होता. निवृत्त कीमन छत्री मिटून फाटकाजवळच्या दगडावर बसले होते आणि मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता. थोड्या वेळाने मुलगा घाईघाईने येताना दिसला. वाटेत बस बदलावी लागल्याने त्याचा खोळंबा झाला होता. वडिलांनी मनगट वर करून पाहिले.

"बारा मिनिटे लेट," ते म्हणाले, आणि फडक्याची गाठ सोडू लागले.